विरारहून साडेनऊच्या ऑफिसला

जॉइनिंगच्या मेलमध्ये एक ओळ असते: सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता रिसेप्शनवर हजर राहावे. मरोळला राहणारा मुलगा ही ओळ वाचून नऊला घराबाहेर पडायचं ठरवतो. नालासोपारा पूर्वेला राहणाऱ्या मुलीला मात्र त्या एका ओळीवरून पहाटेपासूनचा दिवस बांधावा लागतो. ऑफिसातल्या पहिल्या दिवसाबद्दल जे सल्ले सगळीकडे छापून येतात, त्यांत माणूस जणू घरून निघतो तो थेट ऑफिसच्या दारातच उतरतो. वसई-विरारचा माणूस विरार लोकलमधून उतरतो. त्याची वेळ, त्याचे कपडे, त्याचा डबा, संध्याकाळी उठायची घाई, या सगळ्यावर त्या गाडीची छाप असते. म्हणून हा पहिला दिवस आपल्या बाजूने, आपल्या अंतरासकट मांडून पाहू.

समजा, नालासोपाऱ्याला आचोळे रोडवर राहणारी एक मुलगी आहे. बी.कॉम. झाली आहे आणि अंधेरी पूर्वेला, चकाल्याजवळ, विम्याच्या दाव्यांचं काम करणाऱ्या एका कंपनीत लागली आहे. ऑफिस सातव्या मजल्यावर. तिने साडेनऊपासून मागे मोजत यायचं. कॉर्पोरेट इमारतीत शिरायलाच वेळ लागतो. गेटवर नाव लिहायचं, ओळखपत्र दाखवायचं, फोटो काढून व्हिजिटर पास घ्यायचा, मग लिफ्टची रांग. सोमवारी नवे लोक जास्त असतात, त्यामुळे यासाठी वीस मिनिटं धरावीत. म्हणजे गेटवर ९:१०. मेट्रो स्टेशनपासून गेटपर्यंत चालायला दहा मिनिटं, म्हणजे चकाला स्टेशनवर ९:००. अंधेरीहून चकाला मेट्रोने दुसरंच स्टेशन, प्रवास पाचेक मिनिटांचा. पण बॅग तपासणीची रांग आणि फलाटावरची गर्दी धरून वीस मिनिटं लागतात, म्हणजे मेट्रोच्या दारात ८:४०. लोकलमधून उतरून पुलावरच्या गर्दीतून मेट्रोपर्यंत पोचायला दहा मिनिटं. म्हणजे अंधेरीला ८:३० ला उतरलं पाहिजे.

विरार ते अंधेरी हे अंतर साधारण ३८ किलोमीटर. फास्ट गाडीला पन्नास ते पंचावन्न मिनिटं लागतात, म्हणून विरारहून ७:३५ च्या आसपासची गाडी. आता खरा प्रश्न, नालासोपाऱ्याला त्या गाडीत चढता येईल का? रोजच्या बायकांना येतं. दार कुठे थांबतं, कुणाच्या मागे उभं राहायचं, हे त्यांना ठाऊक असतं. नवख्या मुलीने कागदपत्रांची बॅग घेऊन पहिल्याच दिवशी तो प्रयोग करू नये. आपल्याकडचे पुष्कळ जण आधी उलटे विरारला जातात आणि तिथे बसून परत येतात. तिनेही तेच करावं. फक्त पास विरारपासूनचा काढावा. नालासोपाऱ्यापासूनच्या पासावर विरारहून बसून येणाऱ्यांना तिकीट तपासनीस दंड करतात आणि त्यांचं म्हणणं बरोबर असतं. उलट जाण्यासाठी नालासोपाऱ्याच्या फलाटावर सातच्या सुमाराला हवं. आचोळे रोडहून शेअर रिक्षाने स्टेशनला पंधरा-वीस मिनिटं, वर पंधरा मिनिटांची सूट. हिशेब साडेसहाला येतो. साडेनऊच्या ऑफिससाठी साडेसहाला घर सोडायचं.

हा हिशेब कागदावर पुरेसा नाही, तो एकदा चालून पाहावा. जॉइनिंगच्या आधीच्या आठवड्यात, कामाच्या दिवशी, त्याच वेळेला. रविवारी जाऊन पाहिलेला रस्ता उपयोगाचा नाही. त्या दिवशी गाड्यांचं वेळापत्रक वेगळं असतं, बऱ्याचदा ब्लॉक असतो आणि मेट्रोत रांगच नसते. या फेरीत दोन गोष्टी कळतात. आपण धरलेली कुठली दहा मिनिटं प्रत्यक्षात वीस आहेत, आणि लवकर पोचलो तर कुठे थांबता येईल. दुसरी गोष्ट लोक विसरतात. पावणेनऊलाच रिसेप्शनवर जाऊन बसणं म्हणजे वक्तशीरपणा नव्हे. एचआरची व्यक्तीच तेव्हा आलेली नसते आणि रिसेप्शनवरच्या माणसाला उगाच आपली सोय बघावी लागते. खाली चहाच्या टपरीजवळ थांबावं, श्वास घ्यावा, ९:१० ला गेटवर जावं.

पास पहिल्यांदा एकाच महिन्याचा काढावा. तीन महिन्यांचा स्वस्त पडतो हे खरं. पण पहिल्या महिन्यात शिफ्ट बदलू शकते किंवा दुसऱ्या ऑफिसात पाठवतात, असं वारंवार होतं.

एवढं करूनही उशीर होऊ शकतो, कारण आपल्याला दुसरा जवळचा रस्ता नाही. नायगाव आणि भाईंदरच्या मध्ये वसईची खाडी आहे, ती ओलांडायला रेल्वेचा पूल. रस्त्याने जायचं तर महामार्गावर येऊन वर्सोवा पुलावरून काशीमिऱ्यामार्गे दहिसर, आणि तिथली कोंडी. २०२४ पासून वसई-भाईंदर रो-रो बोट आहे, पण ऑफिसची वेळ तिच्यावर बांधता येत नाही. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याच्या रुळांवर पाणी भरून विरारकडची वाहतूक थांबली होती, ते अनेकांना आठवत असेल. म्हणून पावसाळ्यात रुजू होणाऱ्याने आदल्या रात्री एचआरचा मोबाइल नंबर फोनमध्ये आणि एका कागदावरही लिहून ठेवावा. गाडी अडकली तर निरोप साडेनऊच्या आधी गेला पाहिजे, नंतर नव्हे. निरोपात तीन गोष्टी असाव्यात: मी कुठे आहे, काय झालं आहे, अंदाजे किती वाजता पोचेन. ‘दहिसरला गाडी अर्धा तास थांबली आहे, सव्वादहापर्यंत पोचेन’ एवढं पुरे. पोचल्यावर एकदा दिलगिरी व्यक्त करावी आणि विषय संपवावा. गर्दी किती होती, कोण कुणाच्या अंगावर पडलं, हे वर्णन ऐकणाऱ्याला काहीच सांगत नाही. त्याला फक्त हे हवं असतं की इंडक्शन आपल्यासाठी थांबवायचं की सुरू करायचं.

कपड्यांचंही असंच आहे. मेलमध्ये बहुधा ‘बिझनेस फॉर्मल्स’ किंवा ‘बिझनेस कॅज्युअल्स’ असा शब्द असतो. पहिल्याचा अर्थ पूर्ण बाह्यांचा शर्ट, साधी पँट, चामडी बूट; मुलींसाठी शर्ट-पँट, साधा सलवार-कमीज किंवा साडी. दुसऱ्यात कॉलरचा टी-शर्ट, चिनोज, कुर्ती चालते. कुठलाच शब्द लिहिलेला नसेल तर पहिल्या दिवशी फॉर्मल घालावं, आजूबाजूला पाहावं आणि दुसऱ्या दिवसापासून सैल व्हावं. हे कुठेही सांगतील. विरार लोकलमधून जाणाऱ्याने पुढचा विचार कापडाचा करायचा. शुद्ध सुती किंवा लिननचा कडक इस्त्रीचा शर्ट बोरिवली येईपर्यंत चुरगळतो. सुती-पॉलिस्टर मिश्र कापड टिकतं. ओढणी दोन्ही खांद्यांवर पिनेने लावलेली असावी, बॅग पुढे घ्यावी. नवे बूट आधी आठवडाभर घरात घालून मऊ करावेत, कारण त्या दिवशी उभं राहणं आणि चालणं भरपूर होतं. पावसात प्रवास रबरी सँडलमध्ये करावा आणि बूट पिशवीतून न्यावेत. तळमजल्यावरच्या स्वच्छतागृहात पाय पुसून, बूट घालून, केस नीट करून मगच लिफ्टकडे वळावं. रुमालाबरोबर छोटा टॉवेल ठेवावा. घाम आला असेल तर तो पुसायचा असतो, अत्तराने झाकायचा नसतो. बंद एसीत तीव्र अत्तर शेजारच्याला डोकेदुखी होतं. त्या एसीचीही तयारी हवी. भिजलेल्या किंवा घामेजल्या अंगाने त्या थंडीत आठ तास बसणं त्रासाचं असतं, तेव्हा एक पातळ जॅकेट किंवा श्रग बॅगेत असू द्यावा.

एक बारीक गोष्ट. ओळखपत्राचा फोटो बहुतेक ठिकाणी पहिल्याच दिवशी, पांढऱ्या भिंतीपुढे काढतात. पांढरा शर्ट किंवा कुर्ता घातला तर त्या फोटोत खांदे भिंतीत मिसळून जातात. निळा, मरून, बाटलीहिरवा, असा कुठलाही गडद रंग घालावा. तो फोटो पुढची कित्येक वर्षं गळ्यात असतो.

कागदपत्रं प्लास्टिकच्या बंद फोल्डरमध्ये: आधार, पॅन, गुणपत्रिका, ऑफर लेटरची प्रत, रद्द केलेला चेक, पासपोर्ट आकाराचे फोटो, आणि आधी कुठे नोकरी केली असेल तर तिथलं रिलीव्हिंग लेटर आणि भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन नंबर. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स असाव्यात. मूळ प्रती पडताळणीला दाखवायच्या आणि तिथल्या तिथे परत घ्यायच्या. मूळ गुणपत्रिका कंपनीकडे ठेवून घेतो असं कुणी म्हणालं तर नम्रपणे का, ते विचारावं आणि लेखी पोच मागावी.

आता दारापाशी येऊ. ऑफिसच्या काचेच्या दाराला कार्ड लावल्यावर ते उघडतं. एकाने कार्ड लावलं की त्याच्या मागून तीन-चार जण आत जातात, हे तुम्ही पहिल्या तासातच पाहाल. कुणी प्रेमाने दार धरूनही ठेवेल. तरी आपलं कार्ड लावूनच आत जावं. यात सुरक्षेचा भाग आहेच. पण नव्या माणसाने दुसरी बाजू आधी समजून घ्यावी. बऱ्याच कंपन्यांत हजेरी याच कार्डावरून मोजली जाते. दुसऱ्याच्या मागून आत शिरलात तर तुम्ही दिवसभर काम केलंत, पण यंत्राच्या हिशेबी तुम्ही आलाच नाहीत. आणि बाहेर जाताना कार्ड लावलं नाही तर तास अपुरे दिसतात. महिनाअखेरीस पगारात कपात दिसते आणि मग एचआरला मेल, मॅनेजरची मंजुरी, असा फेरा सुरू होतो.

लेट मार्कचंही पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं. बऱ्याच ठिकाणी दहा-पंधरा मिनिटांची सवलत असते आणि महिन्यात ठरावीक लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाची रजा कापतात. काही ठिकाणी वेळ लवचीक असते, म्हणजे आठ ते साडेदहामध्ये कधीही या, पण नऊ तास भरा. विरारहून येणाऱ्याला या दोन पद्धतींमधला फरक फार मोठा आहे. दुसऱ्या पद्धतीत तुम्ही आधीची, जरा बरी गाडी पकडून संध्याकाळी लवकर निघू शकता. ‘सवलत किती मिनिटांची आहे, आणि लवकर आलं तर लवकर निघता येतं का?’ हा प्रश्न विचारण्यात कमीपणा नाही. नियम माहीत नसताना तो मोडणं आणि मग कारण सांगत बसणं, हे जास्त महाग पडतं.

दुपारपर्यंत बहुधा पहिली मीटिंग येते. कॅलेंडरवर निमंत्रण आलं असेल तर ते ‘Accept’ करावं, कारण बोलावणारा त्यावरून माणसं मोजतो. खोलीत दोन-तीन मिनिटं आधी जावं आणि कुठे बसू, असं विचारावं. स्क्रीनसमोरची मधली खुर्ची बहुधा मीटिंग चालवणाऱ्याची असते. नव्या माणसाला ओळख करून द्यायला सांगतात. इथे मराठी माध्यमातून आलेली मुलं उगाच घाबरतात आणि मग गाव, शाळा, वडिलांचा व्यवसाय, छंद असं सगळं पाठ केलेलं म्हणतात. अर्धं मिनिट पुरतं: नाव, काय शिकलो किंवा आधी काय केलं, इथे कोणत्या कामासाठी आलो. ही तीन वाक्यं इंग्रजीत आधी मोठ्याने म्हणून पाहावीत आणि सावकाश बोलावीत. कुठे राहता विचारलं तर नालासोपारा म्हणावं. ‘वसईजवळ’ म्हणण्याची काही गरज नाही.

मीटिंगमधली खरी अडचण पुढे येते. समोरची माणसं आद्याक्षरांत बोलतात. विम्याच्या ऑफिसात ‘टॅट’ म्हणजे काम पुरं करायला दिलेली मुदत, ‘एसएलए’ म्हणजे ग्राहकाला दिलेलं सेवेचं वचन, ‘टीपीए’ म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी संस्था. हे पहिल्या दिवशी कुणालाच कळत नाही. न कळलेला प्रत्येक शब्द वहीच्या शेवटच्या पानावर लिहीत जावा आणि मीटिंगनंतर शेजारच्या एकाच माणसाला सगळे एकदम विचारावेत. मीटिंग मध्येच थांबवून दर शब्दाला अर्थ विचारू नये. पण काम आपल्याला दिलं गेलं असेल तर मात्र तिथेच विचारायचं. आपल्या मुलांची एक सवय मी वारंवार पाहिली आहे. नीट कळलेलं नसतानाही आदरापोटी ‘हो सर’ म्हणायचं. बुधवारपर्यंत कुणाला पत्ता नसतो आणि गुरुवारी कळतं की वेगळ्याच महिन्याचे दावे तपासले गेले. यावर उपाय सोपा आहे. दिलेलं काम आपल्या शब्दांत परत सांगायचं: ‘म्हणजे मी फक्त जूनचे, नाकारलेले दावे पाहायचे आणि यादी शुक्रवारी दुपारपर्यंत तुम्हाला द्यायची, बरोबर?’ चूक असेल तर ती दहा सेकंदांत दुरुस्त होते.

‘सर’चा प्रश्नही इथेच येतो. पुष्कळ कंपन्यांत मॅनेजरला नावाने हाक मारतात. बापाच्या वयाच्या माणसाला नुसतं नाव घेऊन बोलावणं आपल्या जिभेवर येत नाही, हे स्वाभाविक आहे. पहिल्या दिवशी सर किंवा मॅडम म्हटल्याने कुणी रागावत नाही. पण त्यांनी स्वतः नावाने बोलाव असं सांगितलं की तसं बोलावावं. मराठीत बोलताना नावाबरोबर ‘तुम्ही’ ठेवलं की आदरही राहतो. टीममध्ये कुणी मराठी न समजणारं बसलं असेल तर कामाचं बोलणं सगळ्यांना कळेल त्या भाषेत करावं. चहाला दोघंच असाल तेव्हा मराठीत मनसोक्त बोला.

जागेबद्दल लोकलने आपल्याला बरंच शिकवलेलं असतं. तीन जणांच्या बाकावर चौथ्याला जागा द्यायची, बॅग मांडीवर घ्यायची. ऑफिसातलं सामाईक टेबलही तसंच वापरायचं. आता बऱ्याच ठिकाणी ठरलेली जागा नसते. रोज मिळेल त्या टेबलावर बसायचं आणि उठताना ते मोकळं करायचं. कागद, मग, चार्जर मागे ठेवायचे नाहीत. जागेवरून उठताना, अगदी पाणी आणायलाही, Windows + L दाबून स्क्रीन लॉक करावी. दाव्यांच्या कामात समोर लोकांचे आजार आणि बँक खाती असतात. प्रिंट दिली की लगेच जाऊन उचलावी, त्याच कारणाने. आपलं लॉगिन पहिल्या दिवशी चालू न होणं अगदी नेहमीचं आहे. आयटीकडे तक्रार नोंदवून तिचा नंबर लिहून ठेवावा. पण ‘माझ्याच पासवर्डने कर तोवर’ असं कुणी म्हटलं तरी नको म्हणावं, कारण त्या खात्यावरून झालेली चूक त्याच्या नावावर पडेल आणि नियम दोघांनी मोडलेला असेल. फोनवर बोलायचं तर उठून बाहेरच्या पॅसेजमध्ये जावं. गाडीच्या आवाजावर मात करून बोलायची आपली सवय त्या शांत हॉलमध्ये चार रांगांपर्यंत ऐकू जाते.

डब्याबद्दल स्पष्टच बोललं पाहिजे, कारण वसईकराच्या डब्यात मासे असणारच, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. अडचण मायक्रोवेव्हची आहे. सुकट किंवा सुके बोंबील त्यात गरम केले की वास त्या बंद पेटीत राहतो आणि पुढच्या दहा जणांच्या भाताला लागतो. ओल्या माशाचं कालवण झाकण सैल ठेवून गरम करता येतं, नंतर आतून ओल्या कागदाने पुसून घ्यायचं. सुकी मासळी ऑफिसात गरम करू नये. ती खायचीच तर घरूनच भाकरीबरोबर थंड खायला न्यावी, आणि शेजारी बसणाऱ्याला चालतं का, ते विचारावं. काही पँट्रींत मांसाहाराचे वेगळे नियम असतात, म्हणून पहिल्या दिवशी पोळी-भाजी नेऊन आधी पद्धत पाहावी. आपला मग आपण धुवावा. पँट्रीतल्या मावशींना, साफसफाईच्या दादांना नाव विचारावं.

संध्याकाळी सहा वाजले की घड्याळाकडे लक्ष जातं, गाडी डोळ्यांपुढे येते. उठून सरळ निघून जाऊ नये. टीम लीडकडे जाऊन, आजचं झालं, उद्या कशाने सुरुवात करू, असं विचारून निघावं. मला विरारची गाडी पकडायची असते, हेही याच वेळी एकदा सहज सांगून ठेवावं, म्हणजे पावणेसहाला सुरू होणाऱ्या मीटिंगच्या वेळी कुणाला तरी ते आठवतं.

शेवटची गोष्ट मुलींसाठी, आणि ती शक्य तर रुजू होण्याआधीच विचारायची. अशा कंपन्यांत रात्रपाळी कधीही येऊ शकते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात स्त्रीला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही आणि तिच्या सुरक्षिततेची व घरापर्यंतच्या वाहतुकीची सोय मालकाने करायची असते. प्रत्यक्षात काही कंपन्यांच्या गाड्यांची हद्द दहिसरला किंवा भाईंदरला संपते. मध्यरात्री तिथून नालासोपाऱ्याला कसं जायचं, याचं उत्तर मग कुणाकडेच नसतं. ‘घरी सोडणारी गाडी नालासोपारा पूर्वेपर्यंत येते का?’ हा प्रश्न एचआरला मेलवर विचारा आणि उत्तरही मेलवरच मागा.